पितळी टोप शोधणारे गिऱ्हाईक कोणत्या पानावर उतरावे? छोट्या दुकानाच्या कॅटेगरी पेजचे आणि ब्लॉगचे एसईओ

दादर पश्चिमेला तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक छोटे दुकान आहे, असे धरू. वेबसाइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर बांधलेली आहे, विक्रीला सुमारे दीडशे वस्तू आहेत, कॅटेगरी सात-आठ आहेत आणि ब्लॉगवर वीस-बावीस लेख आहेत. जाहिरात चालू असते तोवर ऑर्डर येतात, जाहिरात थांबली की वेबसाइट ओस पडते. दुकान आणि त्याचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण ज्यांनी अशा दोन-चार वेबसाइट सांभाळल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. अशा ठिकाणी बहुतेकदा पानांची संख्या कमी नसते. खरी अडचण ही असते की कोणत्या शोधासाठी कोणते पान पुढे यावे हे कोणी ठरवलेलेच नसते, आणि त्यामुळे कॅटेगरी पेज, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तू एकत्र मांडलेले पान, आणि ब्लॉगचा लेख एकाच गिऱ्हाइकासाठी एकमेकांच्या वाटेत उभे राहतात. म्हणून एसईओसाठी, म्हणजे गुगलच्या शोधात आपले पान वर यावे यासाठी, या लेखात एकच सूत्र धरले आहे: प्रत्येक प्रकारच्या शोधाला एक ठरलेले पान द्यायचे आणि बाकीच्या पानांनी त्या पानाला आधार द्यायचा.

लोक काय टाइप करतात ते आधी पाहावे

सुरुवात गुगल सर्च कन्सोलपासून करावी. हे साधन फुकट आहे आणि त्यात गेल्या १६ महिन्यांची माहिती मिळते. `Performance` या अहवालात मुदत शेवटच्या ३ महिन्यांची ठेवून `Queries` हा तक्ता उघडला, की कोणत्या शब्दांवर आपले पान गुगलवर दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होते हे कळते. तक्त्यात जास्तीत जास्त १,००० ओळी मिळतात आणि अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी त्यात दाखवत नाही. त्यामुळे ओळींची बेरीज वर दिसणाऱ्या एकूण आकड्याशी जुळली नाही, तर हिशेब चुकला असे समजू नये.

मुंबईच्या दुकानाची खरी गंमत या यादीत दिसते. एकाच भांड्याला इथे टोप म्हणतात, पुण्याकडे पातेले म्हणतात, हिंदी बोलणारे गिऱ्हाईक पतीला किंवा भगोना म्हणते, आणि भांड्यांचे व्यापारी इंग्रजी बिलावरसुद्धा `tope` असेच लिहितात. त्यात मराठी माणूस मोबाइलवर अनेकदा रोमन लिपीत टाइप करतो आणि `pital`, `pittal`, `peetal` अशी मनाला येईल ती स्पेलिंग वापरतो. भांड्याची ही नावे एकत्र पाहण्यासाठी त्याच अहवालात शोधाचा फिल्टर उघडून `Custom (regex)` निवडावे आणि पुढील ओळ टाकावी, ज्यात उभी रेघ म्हणजे ‘किंवा’.

```
tope|patila|patela|टोप|पातेल|पतीला|भगोना
```

पातेले आणि पातेलं ही दोन्ही रूपे सापडावीत म्हणून मुद्दाम `पातेल` एवढेच लिहिले आहे. `tope` मुळे एखादा असंबद्ध शब्दही यादीत येईल, तो हाताने काढून टाकावा. यातून मिळालेली यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवावी. वेबसाइट नवी असल्यामुळे अहवाल रिकामा असेल, तर गुगलच्या शोधचौकटीत हे शब्द अर्धवट टाइप करून खाली येणाऱ्या सूचना टिपाव्यात आणि जोडीला गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला विचारावे. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक जे शब्द वापरते, तेच शब्द ते गुगललाही सांगत असते.

मग गुगलचे मत विचारावे

यादी झाली की त्यातले महत्त्वाचे पंचवीस-तीस शोध एकेक करून स्वतः गुगलमध्ये टाकावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, पण पुढचे सारे निर्णय यावरच उभे राहतात. ब्राउझरच्या खासगी खिडकीत शोध करावा, म्हणजे आपण स्वतः रोज पाहतो तीच पाने वर येणार नाहीत. ठिकाणानुसार निकाल बदलतात, म्हणून मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी मुंबईतच बसून पाहिलेले बरे.

पहिल्या दहा निकालांत पाने कोणत्या जातीची आहेत एवढेच पाहायचे. ज्यावर एकाच प्रकारच्या अनेक वस्तू किमतींसह मांडल्या आहेत अशी दुकानांची पाने सात-आठ असतील, तर तो शोध विकत घेणाऱ्याचा आहे आणि तो कॅटेगरी पेजच्या नावे लिहावा. त्या जागी ब्लॉगचा लेख कितीही चांगला लिहिला तरी तो वर येण्याची शक्यता कमी असते, कारण त्या शोधामागे लोकांना वस्तू पाहायच्या आहेत हे गुगलला समजलेले असते. उलट बहुतेक निकाल लेखांचे आणि व्हिडिओंचे असतील, तर तो शोध ब्लॉगकडे जाईल. निकाल निम्मे-निम्मे दिसले, तर पहिल्या तीन जागा कोणाकडे आहेत ते पाहून ठरवावे.

आपल्या दुकानासाठी ही वाटणी साधारण अशी होईल. `brass tope`, `पितळी पातेले`, `pital ka patila 5 litre` हे शोध कॅटेगरी पेजकडे जातील. `पितळेच्या भांड्यात दूध नासते का`, `कल्हई किती दिवसांनी करावी`, `brass vs copper for cooking` हे ब्लॉगकडे जातील. `kalhai near me` असा शोध टाकला आणि नकाशा वर आला, तर तो शोध यांपैकी कोणत्याच पानाचा नाही. त्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल नीट भरलेले हवे, आणि दुकान कल्हई करून देत असेल तर त्या सेवेचे एक स्वतंत्र पान हवे. ते काम वेगळे आहे, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

आणखी एक गोष्ट याच वेळी लक्षात येते. `brass utensils` असा मोठा शोध टाकला की पहिली जागा मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांनी धरलेली असते आणि दीडशे वस्तूंच्या दुकानाने तिथे डोके आपटण्यात अर्थ नसतो. पण ताम्हण, पळी-पंचपात्र, घंगाळ, कल्हई केलेला पाच लिटरचा टोप, लामणदिवा असे नेमके शोध घेतले, तर तिथली स्पर्धा विरळ असते, आणि मोठ्या बाजारपेठेच्या पानावर त्या वस्तूंची सरमिसळ असते. छोट्या दुकानाची जागा तिथे आहे.

कॅटेगरी पेज: गल्ल्यावरची माहिती पानावर आणावी

आता ‘पितळी भांडी’ या एकाच कॅटेगरीत टोप, कढया, परात, समया आणि घंगाळे एकत्र पडली असतील, तर ती फोडावी. किती फोडावी याचे माझे साधे मोजमाप असे आहे की, स्वतंत्र शोध होत असल्याचा पुरावा यादीत हवा आणि त्या पानावर मांडायला निदान सहा-आठ वस्तू हव्यात. दोनच वस्तू असलेले कॅटेगरी पेज गिऱ्हाइकालाही रिकामे वाटते आणि गुगललाही. आकारमानानुसार पाच टोप आणि जाडीनुसार आणखी चार असतील, तर ‘पितळी टोप व पातेली’ हे पान सहज उभे राहते.

पानाचा पत्ता छोटा आणि कायमचा ठेवावा. शीर्षकात वस्तूचे नाव सर्वांत आधी यावे, मग निवड करायला लागणारा एखादा तपशील यावा आणि दुकानाचे नाव शेवटी यावे, कारण शीर्षक लांब झाले तर शेवटचा भाग कापला जातो. पानावरचा मुख्य मथळा शीर्षकाशी जुळता असावा. या दोन्हींत फार तफावत असली की गुगल निकालात स्वतःच्या मर्जीने वेगळे शीर्षक दाखवू शकते.

```
<title>पितळी टोप व पातेली | Brass Tope, 1 ते 10 लिटर, कल्हईसह | दुकानाचे नाव</title>
<h1>पितळी टोप व पातेली</h1>
```

शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही नावे घेतली आहेत, कारण गिऱ्हाईक दोन्ही लिपींत शोधते. मात्र `pital`, `pittal`, `peetal` या सगळ्या स्पेलिंग पानावर ओळीने लिहीत बसू नये. गुगल अशा जवळच्या स्पेलिंग बऱ्यापैकी ओळखते आणि असली माळ वाचणाऱ्याला पान बनावट वाटते. जुन्या सल्लागारांच्या सांगण्यावरून अजूनही कीवर्ड्सचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची लपलेली यादी, भरणारे लोक भेटतात. गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते की क्रम ठरवताना हा टॅग ते पाहत नाही, त्यामुळे तो वेळ वाचवावा. मेटा डिस्क्रिप्शननेही क्रमांक वाढत नाही, पण निकालात शीर्षकाखाली ते दिसू शकते आणि क्लिक करायचे की नाही हे वाचणारा त्यावरून ठरवतो, म्हणून तिथे किमतीची सुरुवात आणि घरपोच देण्याची मुदत लिहावी.

आता मजकुराचे पाहू. बहुतेक कॅटेगरी पेजवर एकतर काहीच लिहिलेले नसते, नाहीतर पितळेच्या प्राचीन परंपरेवर पाचशे शब्द ओतलेले असतात आणि वस्तू दोनदा बोट सरकवल्यावर दिसतात. दोन्ही चुकीचे आहे. वस्तूंच्या वर तीन-चार वाक्ये पुरतात, पण ती गल्ल्यावरचा जाणता माणूस गिऱ्हाइकाला जे पहिल्या मिनिटात सांगतो ती असावीत. उदाहरणार्थ: “चार माणसांच्या आमटीला दोन लिटरचा टोप पुरतो आणि भाताला तीनचा घ्यावा. स्वयंपाकासाठी घेणार असाल तर आतून कल्हई केलेलाच घ्या, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत करू किंवा ठेवू नयेत. गॅसवर रोज वापरायचा असेल तर जड बुडाचा निवडा. प्रत्येक टोपाचे वजन खाली दिले आहे.” ही वाक्ये कोणत्याही दुसऱ्या दुकानाच्या पानावरून उचलता येत नाहीत, त्यात टोप, कल्हई, लिटर, वजन हे शब्द न कोंबता आपोआप आले आहेत, आणि गिऱ्हाइकाचा निर्णय सोपा झाला आहे.

वस्तूंच्या यादीखाली थोडा आणखी मजकूर चालतो. तिथे आकारमान आणि वजनाचा छोटा तक्ता, कल्हई उडाल्यावर काय करायचे याचे दोन ओळींत उत्तर आणि सविस्तर लेखाची लिंक द्यावी. प्रश्नोत्तरांचे खास कोडिंग केल्याने निकालात उत्तरांची पट्टी उघडते, असे आजही सांगितले जाते. गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटपुरती मर्यादित केली, त्यामुळे भांड्यांच्या दुकानाने त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. प्रश्नोत्तरे गिऱ्हाइकासाठी लिहावीत, पट्टीसाठी नव्हे.

वस्तूंची मांडणीही एसईओचाच भाग आहे. संपलेला माल वर आणि हाताशी असलेला खाली असे झाले, तर आलेला माणूस परत जातो. कारखानदाराने दिलेले वर्णन जसेच्या तसे चिकटवले असेल, तर तेच वर्णन दहा दुकानांवर असते आणि त्यांतून तुमचे पान निवडायला गुगलला कारण उरत नाही. निदान जास्त खपणाऱ्या वीस वस्तूंचे वर्णन स्वतः लिहावे आणि फोटो दुकानातल्याच भांड्याचा घ्यावा.

फिल्टरमुळे पानांचे पेव फुटते ते आवरावे

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण नुकसान बहुधा इथेच होते. समजा टोपाच्या पानावर आकारमानाचे सहा, जाडीचे तीन आणि किमतीचे चार पर्याय आहेत. प्रत्येक फिल्टर निवडण्याची किंवा न निवडण्याची मुभा धरली, तर ७ × ४ × ५ असे १४० पत्ते तयार होतात. त्यावर वस्तू लावण्याचे पाच क्रम, म्हणजे ७०० पत्ते झाले, आणि वस्तू आहेत नऊ! वेबसाइटची पाने वाचत जाणारा गुगलचा रोबो या पत्त्यांमध्ये फिरत बसला, की नवी वस्तू किंवा बदललेले पान त्याच्या नजरेस उशिरा पडते.

असे झाले आहे का ते सर्च कन्सोलच्या `Page indexing` अहवालात कळते. तिथल्या कारणांच्या यादीत `Duplicate without user-selected canonical` किंवा `Crawled - currently not indexed` यांच्यासमोर वस्तूंच्या संख्येच्या कितीतरी पट आकडा असेल आणि आत उघडल्यावर प्रश्नचिन्ह असलेले पत्ते दिसले, तर दुखणे हेच आहे. वूकॉमर्सचे नेहमीचे फिल्टर असतील तर `robots.txt` या, रोबोने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये पुढील ओळी घालाव्यात.

```
User-agent: *
Disallow: /*?*orderby=
Disallow: /*?*filter_
Disallow: /*?*min_price=
Disallow: /*?*max_price=
```

फाइलमध्ये `User-agent: *` आधीपासून असेल, तर फक्त `Disallow` च्या ओळी त्याखाली जोडाव्यात. इथे एक खाचखळगा आहे. फिल्टरचे पत्ते आधीच गुगलच्या निकालात शिरलेले असतील, तर प्रथम त्यांना `noindex`, म्हणजे ‘हे पान निकालात दाखवू नका’ अशी सूचना, लावावी, ते निकालातून गेल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच वरच्या ओळी घालाव्यात. आधीच वाट बंद केली, तर रोबो त्या पानावर जाऊच शकत नाही आणि तिथे लावलेले `noindex` त्याला दिसत नाही. दोन्ही एकाच दिवशी करून नंतर “काहीच फरक पडला नाही” म्हणणारे पुष्कळ आहेत.

पुढची पाने, म्हणजे `/page/2/` वगैरे, यांना मात्र हात लावू नये. दुसऱ्या पानाचा कॅनॉनिकल, म्हणजे ‘मूळ पान हे’ असे गुगलला सांगणारी खूण, पहिल्या पानाकडे वळवण्याची चूक सर्रास होते. दुसऱ्या पानावरच्या वस्तू वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे असावा. ‘आणखी दाखवा’ या बटनावर वस्तू उघडत असतील, तर त्या बटनामागे पुढच्या पानाची खरी लिंक आहे ना हे पाहावे, कारण गुगलचा रोबो बटन दाबत नाही.

ब्लॉग: विक्रीआधीचा आणि विक्रीनंतरचा प्रश्न

ब्लॉगसाठी विषय शोधायला लांब जावे लागत नाही. टोप घेण्याआधी गिऱ्हाईक काय विचारते आणि घेतल्यावर महिन्याभराने फोन करून काय विचारते, या दोन याद्या केल्या की वर्षभराचे लेख निघतात. ‘पितळेचे महत्त्व’ या नावाचा लेख कोणी शोधत नाही. ‘टोपाची कल्हई उडाली हे कसे ओळखावे’ हा लेख मात्र ज्याच्या हातात ते भांडे आहे तो माणूस शोधतो.

हाच लेख उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या परिच्छेदातच उत्तर द्यावे: आतला चंदेरी थर जाऊन पिवळे पितळ उघडे दिसू लागले, की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. मग कारण सांगावे की कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि म्हणून रिकामा टोप मोठ्या आचेवर ठेवला तर कल्हई खराब होते. त्यानंतर ती लवकर का जाते हे सांगावे: तारेची घासणी, धातूचा चमचा, कोरड्या भांड्यात फोडणी. कल्हई करताना नवसागर का लावतात, जुना थर कसा काढतात, कल्हईवाल्याकडून भांडे परत घेताना काय तपासावे, हे सारे स्वतःच्या दुकानात काढलेल्या फोटोंसह द्यावे. किती दिवसांनी करावी याचे ठराविक उत्तर देऊ नये, कारण ते वापरावर अवलंबून असते. तसे लिहिले तर वाचणाऱ्याचा विश्वासही वाढतो.

आता या लेखातून कॅटेगरी पेजकडे वाट काढायची. “इथे क्लिक करा” अशी लिंक देऊ नये, कारण त्या शब्दांवरून पुढच्या पानावर काय आहे ते ना वाचणाऱ्याला कळते ना गुगलला.

```
रोजच्या वापरासाठी <a href="/brass-tope-patila/">कल्हई केलेले पितळी टोप</a> घेताना वजन पाहावे.
```

अशी लिंक लेखात ज्या ठिकाणी तो विचार स्वाभाविकपणे येतो तिथे, शक्यतो पहिल्या निम्म्या भागात द्यावी. भांड्यांच्या निगेबद्दलचे चार-पाच लेख असतील, तर प्रत्येकातून त्या एका कॅटेगरी पेजकडे लिंक जावी, आणि कॅटेगरी पेजवरून सर्वांत उपयोगी अशा एक-दोन लेखांकडे परत यावी. बाहेरच्या वेबसाइटवरून पैसे देऊन लिंक विकत घेणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे, पण स्वतःच्या वेबसाइटवरच्या लिंक पूर्णपणे आपल्या हातात असतात आणि त्याच सर्वांत जास्त दुर्लक्षित असतात.

लेख मराठीत लिहावे की इंग्रजीत, हे आपल्या शोधयादीवरून ठरवावे. निगेचे आणि रीतीचे प्रश्न मराठीत येत असतील, तर लेख मराठीतच लिहावा. एकच मजकूर दोन भाषांत द्यायचा असल्यास प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता हवा आणि दोन्ही पानांनी `hreflang` या पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेने स्वतःचा आणि एकमेकांचा उल्लेख करायला हवा. एकाच पानावर वर मराठी आणि खाली तेच इंग्रजी, असे करू नये. एकट्या माणसाने वेबसाइट सांभाळायची असेल, तर दोन्ही भाषांत अर्धवट करण्यापेक्षा एका भाषेत नीट करावे.

लेखाने कॅटेगरीची जागा खाल्ली आहे का?

समजा दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ब्लॉगवर ‘सर्वोत्तम १० पितळी टोप’ असा लेख लिहिला होता. आता `brass tope` या शोधाला कधी तो लेख दिसतो, कधी कॅटेगरी पेज, आणि दोन्ही दुसऱ्या पानावर घुटमळत आहेत. हे तपासण्यासाठी `Performance` अहवालात `Queries` मधला तो शोध निवडावा आणि मग `Pages` या तक्त्यावर जावे. समजा तीन महिन्यांत लेख ९०० वेळा दिसला, सरासरी क्रमांक ११ आणि क्लिक ४. कॅटेगरी पेज ३५० वेळा दिसले, क्रमांक १६ आणि क्लिक ३. म्हणजे गुगलने आपल्या दुकानातर्फे चुकीच्या माणसाला गल्ल्यावर बसवले आहे.

उपाय तीन आहेत आणि कोणता घ्यावा हे लेखात काय आहे त्यावर ठरते. लेखात निगेची चांगली माहिती असेल, तर वस्तूंची यादी आणि किमती तिथून काढून कॅटेगरी पेजवर न्याव्यात, लेखाचे शीर्षक निगेवर आणावे आणि त्यातून कॅटेगरीकडे लिंक द्यावी. लेखात यादीशिवाय काहीच नसेल, तर उपयोगी वाक्ये कॅटेगरी पेजवर हलवून लेखाचा पत्ता कायमचा तिकडे वळवावा. अपॅची सर्व्हर असेल तर `.htaccess` मध्ये ही एक ओळ पुरते, नाहीतर वर्डप्रेसचे एखादे प्लगइन वापरावे.

```
Redirect 301 /blog/best-10-brass-tope/ https://example.com/brass-tope-patila/
```

वळवल्यानंतर मेनूतल्या आणि इतर लेखांतल्या जुन्या लिंकही बदलाव्यात. लेख नुसता पुसून टाकू नये, कारण त्याने मिळवलेली बाहेरची लिंक वाया जाते. तिसरा उपाय म्हणजे काहीही न करणे. दोन्ही पाने पहिल्या दहांत असतील आणि दोन्हींना क्लिक मिळत असतील, तर ती सोन्यासारखी स्थिती आहे आणि तिला नीटनेटकेपणाच्या हौसेपायी हात लावू नये.

फरक मोजताना

बदल केला त्या दिवशी तारीख वहीत लिहावी, `URL Inspection` मध्ये पत्ता टाकून पुन्हा तपासण्याची विनंती करावी आणि मग काही आठवडे थांबावे. रोज क्रमांक पाहून शीर्षक बदलत राहिले, तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. माझ्या मते २८ दिवसांची २८ दिवसांशी तुलना ही सर्वांत कमी मुदत आहे, आणि तीही फक्त ज्या पानात बदल केला त्याच पानाची करावी. सरासरी क्रमांकाने फसू नये. पान नव्या शोधांवर तळाशी दिसू लागले की सरासरी खाली जाते, पण प्रत्यक्षात ती प्रगतीच असते. म्हणून एकेका शोधाचा क्रमांक पाहावा. पान वारंवार दिसते, क्रमांकही चौथा-पाचवा आहे, पण क्लिक नाहीत, असे असेल तर शीर्षक आणि त्याखालचे वर्णन तपासावे. पान दिसतच नसेल, तर शीर्षक बदलून उपयोग नाही. त्या पानाकडे वेबसाइटवरून पुरेशा लिंक जातात का आणि त्यावर सांगण्यासारखे काही आहे का, ते आधी पाहावे.

भांड्यांच्या दुकानाला यात सणाचा पेच पडतो. गणपतीसाठी ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन आणि समई यांचे पान दरवर्षी नवे काढून त्याच्या पत्त्यात साल घालण्याची पद्धत आहे. त्यामुळे दरवर्षी शून्यापासून सुरुवात होते आणि जुने पान गुगलवर तसेच लोंबकळत राहते. पत्ता `/ganpati-puja-bhandi/` असा साल न घालता ठेवावा, उत्सव संपला तरी पान पाडू नये, आणि पुढच्या वर्षी चतुर्थीच्या दोन-अडीच महिने आधी त्याच पानावरचा माल, किमती आणि मजकूर ताजा करावा, म्हणजे शोध वाढायच्या आत गुगलने ते पान पुन्हा वाचलेले असेल. या पानाची गेल्या वर्षाशी तुलना करताना सर्च कन्सोलचा वर्ष-ते-वर्ष पर्याय तसाच वापरला, तर आकडे हमखास दिशाभूल करतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणून तारखांचा पर्याय `Custom` ठेवून दोन्ही वर्षांत चतुर्थीच्या आधीचे ४२ दिवस हाताने निवडावेत. २०२५ साठी ते १६ जुलै ते २६ ऑगस्ट येतात आणि २०२६ साठी ३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. १६ महिन्यांपलीकडची माहिती अहवालातून निघून जाते, म्हणून विसर्जन झाले की त्याच आठवड्यात हा तक्ता उतरवून जपून ठेवावा.